शाळेच्या ऑफिसातला तीन हजारांचा डबा, आणि न सापडणारे पन्नास रुपये

खानापूर_लाईन
नमस्कार मंडळी. बेळगावजवळच्या एका खासगी मराठी हायस्कूलमध्ये मी ऑफिस बघते. वर्ष झालं. माझ्या आधीचे क्लार्क रिटायर होताना किल्ल्यांचा जुडगा आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा हातात देऊन गेले. किरकोळ खर्चाचे पैसे त्याच डब्यात असतात. खडू, झेरॉक्स, टपाल, फिनेल, बसभाडं, सगळं त्यातूनच. डबा रिकामा झाला की हेडसरांना सांगायचं. ते त्या दिवशी जमलेल्या फीमधून हजार-दोन हजार काढून देत. मी कीर्दीत लिहायची, "किरकोळ खर्चासाठी दिले".

मे महिन्यात ऑडिटर आले. वर्षभरात डब्यात गेले २७,५०० रुपये. चिठ्ठ्या निघाल्या २४,१८० च्या. डब्यात शिल्लक ८३०. म्हणजे २,४९० रुपये कुठं गेले ते कुणालाच सांगता येईना. कुणी खाल्ले नाहीत हे मी छातीठोकपणे सांगते, पण कागद काही बोलेना. मान खाली घालून बसले होते.

ते सांगून गेले, "इम्प्रेस्ट लावा, तीन हजारांचा." संस्थेनं लगेच तीन हजारांचा चेक दिला, एका व्हाउचरला पाचशेची मर्यादा घातली. पण कसं चालवायचं ते कुणी नीट सांगितलं नाही. ते तीन हजार संपले की पुन्हा तीन हजार मिळणार का? महिन्याला साधारण साडेतीन हजारांच्या आसपास खर्च होतो, मग तीन हजार पुरणार कसे? आणि मी तो चेक कीर्दीत "किरकोळ खर्च" म्हणून टाकलाय, ते बरोबर आहे का?

निपाणीकर७२
ताई, एवढं डोकं कशाला लावताय. दर १ तारखेला तीन हजार उचलायचे, महिनाभर पुरवायचे. उरले तर पुढच्या महिन्यात धरायचे, कमी पडले तर मागायचे. आमच्या पतसंस्थेत वीस वर्षं असंच चाललंय. ठरलेली रक्कम दिली की खर्चाला आपोआप लगाम बसतो. त्यालाच इम्प्रेस्ट म्हणतात.

निवृत्त_हेडक्लार्क
निपाणीकर, अर्धं बरोबर आहे तुमचं. रक्कम ठरलेली असते हे खरं. पण ठरलेली असते ती डब्याची, दर महिन्याला द्यायची नव्हे. तुम्ही सांगताय तो हातखर्च झाला, पोराला कॉलेजला पाठवताना देतो तसा.

बाई, एक गोष्ट मनात पक्की करा, बाकीचं सगळं त्यातूनच येतं. डबा तीन हजारांचा म्हणजे तुमच्या ताब्यात कायम तीन हजार. पण ते सगळे नोटांत असतीलच असं नाही. काही नोटांत, उरलेले व्हाउचरांत. दोन्हींची बेरीज रोज, दर तासाला, कुणीही कधीही येऊन मोजली तरी ३,००० आलीच पाहिजे. सोमवारी ४०० चे खडू आणले तर डब्यात २,६०० रोख आणि ४०० चं व्हाउचर. तुमची जबाबदारी तीन हजारांचीच राहिली, फक्त तिचं रूप बदललं.

आता भरणा. रोख कमी झाली की व्हाउचरं जोडून हेडसरांकडे जायचं आणि जेवढी व्हाउचरं तेवढ्याच रुपयांचा चेक घ्यायचा. २,२१४ ची व्हाउचरं असतील तर चेक २,२१४ चा. बावीसशे नाही, अडीच हजार नाही. तो चेक वटवून रोख डब्यात टाकली की डबा पुन्हा तीन हजारांवर. व्हाउचरं तुमच्या हातून सुटून कीर्दीच्या फाईलला लागली.

तुमच्याकडे २,४९० का हरवले ते यातून दिसेल. तुम्हाला वरून पैसे गोल आकड्यात येत होते आणि चिठ्ठ्यांशी त्यांचा काही संबंध नव्हता. एखादी चिठ्ठी राहिली तर ते त्या दिवशी कळायला काही वाटच नव्हती. वर्षाच्या शेवटी सगळ्या चुका एकदम समोर आल्या, आणि दहा महिन्यांपूर्वीचे चाळीस रुपये कुणाला आठवणार? इम्प्रेस्टमध्ये पंधरा दिवसांत चूक पकडली जाते, कारण व्हाउचर नसलेल्या पैशाचा भरणाच होत नाही. तेवढा खड्डा डब्यात दिसतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. महिन्याचा खर्च साडेतीन हजार असला म्हणून डबा साडेतीन हजारांचा लागत नाही. पंधरवड्याला भरणा केला तर दर वेळी सतराशे-अठराशे लागतील. तीन हजार पुष्कळ झाले, थोडा हात राहतो.

आणि फीच्या पैशाला डब्याची सावलीसुद्धा पडू देऊ नका. दिवसाच्या पावत्यांची बेरीज आणि बँकेची चलन-स्लिप जुळली पाहिजे. फीमधून दोन हजार काढले की दोन्हीकडचा हिशोब एकदम फुटतो. डब्याचा भरणा चेकनंच.

खानापूर_लाईन
काका, आत्ता कुठं उजेड पडला. मग पहिला चेक "किरकोळ खर्च" खाली टाकला ते चुकलंच की ओ.

टिळकवाडी_टॅली
चुकलं. तीन हजार खर्च झालेच नाहीत, फक्त बँकेतून डब्यात आले. "किरकोळ रोकड" म्हणून वेगळं खातं काढा, ते रोख शिल्लक या गटात ठेवा. ३१ मार्चला ताळेबंदात ते तीन हजार शिल्लक म्हणून दिसतील.

टॅलीत दोन पद्धतीनं करता येतं. पहिली: प्रत्येक व्हाउचर `F5` पेमेंटनं डब्याच्या खात्यातून टाका, आणि भरण्याचा चेक `F4` कॉन्ट्रानं बँकेतून डब्यात दाखवा. दुसरी: व्हाउचरं फक्त डब्याच्या वहीत लिहा, आणि भरण्याच्या दिवशी बँकेतून एकच पेमेंट, त्यात स्टेशनरी इतकी, टपाल इतकं, सफाई इतकी असं खातेवार फोडून. या पद्धतीत डब्याचं खातं वर्षभर तीन हजारांवरून हलत नाही.

कुठलीही एक धरा. माझ्याकडे येणाऱ्या शाळांची नेहमीची चूक म्हणजे व्हाउचरंही टाकतात आणि भरण्याचा चेकही खर्चात टाकतात. तोच खडू दोनदा खर्ची पडतो, आणि डब्याचं खातं दर भरण्याला उणेत खाली खाली जातं. टॅलीत डब्याची शिल्लक लाल दिसली की पहिल्यांदा हेच बघायचं.

येळ्ळूरचा_पोरगा
मर्दा, आजकाल डबा कोण ठेवतंय? भाजीवालीकडं पण क्यूआर हाय. शिपायानं फोनपे करायचं, स्क्रीनशॉट पाठवायचा, विषय संपला. रोकडच नको, म्हणजे चोरी पण नको.

हेडबाई_चिकोडी
येळ्ळूरकर, आमच्याकडे हा प्रयोग झाला, म्हणून सांगते. शिपायानं फोनपे केलं म्हणजे त्याचे स्वतःचे पैसे गेले. ते त्याला कधीतरी परत द्यायचेच, आणि कुठून द्यायचे? डब्यातूनच. डबा काही सुटला नाही, फक्त मध्ये एक फोन आला.

दुसरं म्हणजे स्क्रीनशॉट हे बिल नव्हे. अमुक दुकानाला २४० गेले एवढंच त्यात दिसतं. २४० चे खडू आणले की मोबाईलचं कव्हर, ते दिसत नाही. आमच्या ऑफिसात नियम असा: फोननं दिले तरी बिल लागतंच. स्क्रीनशॉटची प्रिंट बिलामागे लावायची आणि व्हाउचरवर ज्याच्या फोनवरून पैसे गेले त्याचीच सही घ्यायची. बिल नसेल तर डब्यातून रुपया नाही. सुरुवातीला शिपाई रुसले. मग दुकानदाराकडून बिल मागायला शिकले.

चंदगडी
आमच्या सरकारी कचेरीत याला स्थायी अग्रिम म्हणतात. पण सरकारी शाळेचं अनुदान यातून खर्च करता येणार नाही हे लक्षात ठेवा, त्याची वही वेगळी असते.

खानापूर_लाईन
दादा, आमची खासगी शाळा आहे ओ, अनुदानाचा विषयच नाही.

चंदगडी
बरं बरं, वाचण्यात चूक झाली. तरी माझी एक ठेच सांगून ठेवतो. मी बदलून नव्या जागी गेलो तेव्हा आधीच्यानं डब्याची किल्ली दिली, चहा पाजला आणि बस पकडली. मोजणी केली नाही, मला मागायला लाज वाटली. आठवड्यानं मोजलं तर सहाशे कमी. फोन केला तर म्हणतो, "मी बरोबर दिले होते." सहाशे माझ्याच खिशातून गेले. तेव्हापासून ताबा घेताना आणि देताना कागदावर लिहून घेतो: रोख इतकी, व्हाउचर नंबर इतके ते इतके, बेरीज इतकी. खाली दोघांच्या सह्या. बाई, तुम्ही आठ दिवस रजेवर गेलात आणि डबा दुसऱ्याकडं गेला तरी हे कराच.

शहापूर_गल्लीतली
माझा प्रश्न थोडा वेगळा. आमच्या शाळेचा ऑडिटर हुबळीचा आहे, मराठी वाचता येत नाही. व्हाउचर मराठीत, दुकानाची बिलं काही कन्नडमध्ये, काही इंग्रजीत. दर वर्षी मी शेजारी बसून वाचून दाखवते. तुम्ही काय करता?

निवृत्त_हेडक्लार्क
आम्ही व्हाउचरचा छापील नमुनाच दोन भाषांत करून घेतला होता. वर मराठी, खाली कन्नड. खर्चाची खाती आठ-दहाच असतात. टपाल, सफाई, स्टेशनरी, प्रवास. नावं छापलेली, शेजारी चौकोन. क्लार्कनं चौकोनात खूण करायची आणि तपशील मराठीत लिहायचा. खूण कुठल्या खात्याला आहे हे त्या माणसाला कळलं की पुरे. आकडे इंग्रजीत लिहायचे, म्हणजे वाचण्यात गोंधळ नाही.

खानापूर_लाईन
मंडळी, दहा दिवसांनी परत आले. शाळा सुरू झाली, आणि तीन हजारांतले बरेचसे नऊ दिवसांत संपले. पहिला भरणा मागायच्या आधी मोजून बसलेय. जसंच्या तसं लिहिते:

१. झेरॉक्स ३४०
२. रजिस्टरं ४९०
३. रजिस्टरं ४६०
४. खडू-डस्टर २८५
५. बीईओ ऑफिसला जाऊन-येऊन, बस ६०
६. फिनेल, झाडू ३१०
७. टपाल ९४
८. नळाची तोटी आणि प्लंबर २५०

बेरीज २,२८९. म्हणजे डब्यात ७११ हवेत. तीनदा मोजले, ६६१ आहेत. पन्नास कमी. पुस्तकांचे गठ्ठे आले त्या दिवशी हमालाला दिले असावेत असं वाटतंय, पण नक्की आठवत नाही. स्वतःचे पन्नास टाकून विषय संपवू का? आणि नऊ दिवसांत संपले, तर संस्थेला डबा पाच हजारांचा करा म्हणून सांगू का?

निपाणीकर७२
टाका की पन्नास. पन्नास रुपयांसाठी कुणी फासावर देत नाही. आणि पाच हजार मागून घ्या, जूनमध्ये सगळ्यांचंच असं होतं.

निवृत्त_हेडक्लार्क
नाही नाही, बाई, स्वतःचे पन्नास टाकू नका. हा सल्ला सगळे देतात आणि त्यानंच घोळ होतो.

का, ते सांगतो. तुम्ही गुपचूप पन्नास टाकले की डबा जुळला आणि तुमच्याकडून काय राहतंय ते कुणालाच, तुम्हालासुद्धा, कळणार नाही. पुढच्या वेळी ऐंशी कमी पडले, पुन्हा टाकाल. मग एके दिवशी दीडशे जास्त निघाले तर? मन म्हणेल, मागे मी माझे टाकलेत, हे माझेच. डब्याचे पैसे आणि तुमचे पैसे एकदा मिसळले की ती मोजणी मोजणी राहत नाही. मी असे दोन चांगले क्लार्क अडचणीत आलेले पाहिलेत. दोघंही प्रामाणिक होते.

"असावेत असं वाटतं" यावर व्हाउचर करायचं नाही. हमाल ओळखीचा असेल तर विचारा, तो हो म्हणाला तर त्याच्या सहीनं किंवा अंगठ्यानं व्हाउचर करा. नाहीतर "रोकड तूट ५०" अशी वेगळी ओळ लिहा, हेडसरांची सही घ्या. भरणा २,२८९ अधिक ५०, म्हणजे २,३३९ चा. ६६१ मध्ये २,३३९ घातले की झाले तीन हजार. तूट वहीत नावानिशी राहिली. वर्षात अशा दोन-तीन ओळी असल्या तर माणसाचं काम म्हणून कुणी बोलत नाही. दर भरण्याला असली तर बोललंच पाहिजे.

टिळकवाडी_टॅली
इथे माझं थोडं वेगळं मत आहे. तूट संस्थेनं का सोसायची? डबा ज्याच्या ताब्यात त्यानं भरावी, बँकेत कॅशियर भरतोच की. लिहायचं मात्र दोन्ही: तूट ५०, क्लार्ककडून वसूल ५०. म्हणजे लपलंही नाही आणि संस्थेचं नुकसानही नाही.

निवृत्त_हेडक्लार्क
बँकेच्या कॅशियरचं कामच रोकडीचं. शाळेची क्लार्क दाखले लिहिता लिहिता, पालकांशी बोलता बोलता डबा सांभाळते. तिच्याकडून पन्नास वसूल करायला लागलात तर ती पुढच्या वेळी तूट सांगणारच नाही, हमालाची खोटी चिठ्ठी करेल. ते जास्त महागात पडेल. असो, हे संस्थेनं आधी ठरवून लेखी द्यावं, एवढं तरी तुम्हाला पटेल.

हेडबाई_चिकोडी
मी सही करणाऱ्या बाजूनं बोलते. काकांचं गणित बरोबर आहे, पण ते जुळलं म्हणजे खर्च खरा असं नाही. रोख अधिक व्हाउचर बरोबर तीन हजार, हे खोट्या व्हाउचरनंही जुळतं. उलट ज्याला खोटं करायचं असतं त्याचा हिशोब कायम जुळलेला असतो. त्यामुळे भरण्याच्या चेकवर सही करताना मी बेरीज आधी बघत नाही, बिलं बघते.

तुमचीच यादी घ्या. नंबर २ आणि ३ बघा. ४९० ची रजिस्टरं आणि ४६० ची रजिस्टरं. एकाच दुकानची, एकाच दिवशीची आहेत का?

खानापूर_लाईन
हो मॅडम. 🙈 साडेनऊशेची होती. पाचशेची मर्यादा म्हणून दुकानदारालाच दोन बिलं करायला सांगितली. चेक काढायचा तर सेक्रेटरी दोन दिवस गावाला गेले होते, आणि हजेरीला रजिस्टर नाही म्हणून वर्गशिक्षक डोक्यावर बसले होते.

हेडबाई_चिकोडी
कळलं. तुम्ही सांगितलंत हे चांगलं झालं. पण हीच ती खूण. मर्यादेच्या जरा खाली असलेली दोन बिलं, एकच दुकान, एकच तारीख. दुसरी खूण म्हणजे बिलाचे नंबर. तारखा पंधरा दिवसांच्या अंतरानं आणि बिल नंबर लागोपाठ, म्हणजे एकाच बैठकीत लिहिलेली बिलं. चालत्या दुकानात पंधरा दिवसांत दुसरं एकही गिऱ्हाईक आलं नाही असं कसं होईल? तिसरी खूण, आधीच्या भरण्यातलं बिल पुन्हा येणं. त्यासाठी मी सही करतानाच बिलाच्या अंगावर, कोपऱ्यात नव्हे, "पैसे दिले" असा शिक्का आणि तारीख मारते. कोपऱ्यातला शिक्का कापून टाकता येतो.

आणि नंबर ५. बीईओ ऑफिसला कोण गेलं होतं?

खानापूर_लाईन
आमच्या शिपाई मावशी. तिकीट जोडलंय.

हेडबाई_चिकोडी
तिकीट काढून बघा एकदा.

खानापूर_लाईन
अगंबाई. शून्याचं तिकीट आहे! शक्तीचं. मी बघितलंच नव्हतं, तिकीट दिसलं म्हणून ६० लिहून मोकळी झाले.

येळ्ळूरचा_पोरगा
😂😂 सरकारनं बायकांना बस फुकट केली आणि शाळेनं साठ दिले.

हेडबाई_चिकोडी
हसू नका. जून २०२३ मध्ये शक्ती सुरू झाली तेव्हा आमच्या शाळेतही दोन महिने जुन्या सवयीनं बायकांना बसभाडं दिलं जात होतं. तिकीट जोडलेलं असायचं, कुणी त्यावरचा आकडा वाचलाच नाही. मुद्दाम कुणी केलं नव्हतं. मावशींना विचारा आधी.

खानापूर_लाईन
विचारलं. बस फुकटच होती, पण स्टँडवर पाऊस धो धो, हातात दाखल्यांची फाईल, म्हणून रिक्षा केली, जाऊन-येऊन साठ. रिक्षावाला बिल देत नाही, म्हणून त्यांनी बसचं तिकीट आणून दिलं. मी "बस" लिहिलं. चूक माझी.

निवृत्त_हेडक्लार्क
मग ते व्हाउचर खोडून "रिक्षा, जाऊन-येऊन, पाऊस" असं लिहा, मावशींची सही घ्या, हेडसरांची आद्याक्षरी घ्या. रिक्षा, हमाल, कुलपाची किल्ली करून देणारा, हे बिल देत नाहीत हे ऑडिटरलाही माहीत असतं. तिथे ज्यानं पैसे दिले त्याची सही आणि खरं कारण पुरतं. खोटा कागद जोडण्यापेक्षा कागद नाही हे लिहिणं बरं.

आता डबा वाढवण्याचं. माझं म्हणणं, लगेच वाढवू नका. डबा पंधरा दिवसांचा धरला होता, नऊ दिवसांत आटला. हा इशारा आहे, आणि तो मिळावा म्हणूनच डबा लहान ठेवायचा असतो. पाच हजार असते तर तुम्ही आम्हाला आज विचारलंच नसतं, रजिस्टरांचे साडेनऊशे पण दिसले नसते. ते साडेनऊशे बाजूला काढा. नऊ दिवसांत उरले १,३३९. म्हणजे तीन हजारांत पंधरा दिवस आरामात निघाले असते. कमी पडला तो डबा नव्हे. जून उजाडायच्या आधी रजिस्टरांची ऑर्डर चेकनं द्यायची राहिली होती.

हेडबाई_चिकोडी
काका, इथं मी पूर्ण सहमत नाही. आमच्याकडे वीज कधी जाते, मोटार कधी बिघडते सांगता येत नाही, आणि सह्या करणारे दोघं संस्थाचालक एक बेळगावात, एक पुण्यात. चेक मिळायला आठवडा जातो. अशा शाळेत डबा चेक मिळायला लागणाऱ्या दिवसांवर ठरवावा लागतो. लहान डबा आणि उशिरा येणारा चेक एकत्र आले की क्लार्क स्वतःचे पैसे घालते, मग पुन्हा सगळं मिसळतं. तुम्ही तेच टाळा म्हणताय ना?

निवृत्त_हेडक्लार्क
हे खरं आहे. आमच्या वेळी हेडमास्तरांना एकट्याला ठरावीक रकमेपर्यंत सहीचा अधिकार होता, म्हणून मला ती अडचण आली नाही. पण तुमच्याकडे डबा मोठा करण्याऐवजी सहीचा अधिकार जवळ आणता येतो का, ते आधी बघा.

शहापूर_गल्लीतली
मध्येच विचारते. शिक्षक सहलीला, स्पर्धेला जाताना डब्यातून आगाऊ पैसे नेतात. व्हाउचर तर झालेलं नसतं. मग बेरीज कशी जुळवायची?

निवृत्त_हेडक्लार्क
साधी चिठ्ठी. "क्रीडा स्पर्धेसाठी ३०० घेतले", नाव, सही, तारीख, आणि परत कधी हिशोब देणार ती तारीख. चिठ्ठी डब्यात, ती पैशाच्या जागी मोजायची. पण भरण्यात चिठ्ठी धरायची नाही, कारण खर्च अजून झालेलाच नाही. बिलं आली, उरलेले पैसे परत आले, की चिठ्ठी फाडायची आणि व्हाउचर करायचं. डब्यात आठवड्याहून जुनी चिठ्ठी पडून राहिली तर समजायचं, ते उसने पैसे झाले. सहलीसारख्या मोठ्या गोष्टीला डबा वापरूच नका, वेगळा अग्रिम चेक काढा.

आणि बाई, ३१ मार्चला डबा अर्धा असला तरी भरणा करून घ्या. नाहीतर मार्चची व्हाउचरं पुढच्या वर्षाच्या खर्चात जातील आणि ऑडिटर पुन्हा मान खाली घालायला लावतील.

खानापूर_लाईन
सगळ्यांचे आभार. काय काय झालं ते सांगते. हमाल सापडला, पण तो म्हणतो, "बाई, तुम्ही दिले की सरांनी दिले ते आठवत नाही, तीस होते की पन्नास ते पण आठवत नाही." म्हणून तूट ५० लिहिली, सरांनी सही केली. चेक २,३३९ चा मिळाला. तूट कुणी सोसायची ते संस्थेच्या मीटिंगमध्ये निघालं, दोन सदस्य टॅलीवाल्यांच्या बाजूनं होते, दोन काकांच्या. ठरलं नाही, पुढच्या मीटिंगला ढकललं.

रजिस्टरांचं सेक्रेटरींना खरं सांगितलं. ते आधी रागावले, मग म्हणाले, मी नसताना ट्रेझरर एकटे सही करतील, दोन हजारांपर्यंत, असा ठराव घेऊ.

दुसरा भरणा परवा आहे. पण आज दुपारी स्वतः हेडसर आले आणि पाहुण्यांच्या चहासाठी डब्यातून पन्नास घेऊन गेले. मी चिठ्ठी पुढे केली. म्हणाले, "मला पण चिठ्ठी?" मी काही बोलले नाही, पेन पुढे केलं. त्यांनी केली सही. आत्ता मोजलं: रोख ६१०, व्हाउचरं २,३४०, सरांची चिठ्ठी ५०. चहाचं बिल अजून आलेलं नाही.